ओएमआर निकालात घोळ आला की बिघाड छपाईत आहे, वाचनात आहे की उत्तरसूचीत, हे कसं ओळखायचं

आठवी शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षा घेणाऱ्या शाळांकडून आणि क्लासवाल्यांकडून दर हंगामात त्याच तीन तक्रारी येतात. गणितात वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला ओएमआरवर भलतेच कमी गुण पडलेत. अमुक संचाची सगळीच मुलं बाकीच्यांपेक्षा खाली आहेत. आणि तिसरी जरा गमतीची: पहिला आलेला मुलगा बरोब्बर १२० वर अडकलाय, त्याच्या वर कोणीच नाही. तिन्ही वेळा पहिला संशय स्कॅनरवर जातो. गठ्ठा पुन्हा स्कॅन होतो, निकाल तोच येतो, मग दोन-चार शिक्षक लाल पेन घेऊन हाताने तपासायला बसतात.

स्कॅनरचा दोष क्वचितच निघतो. प्रत्येक बिघाड निकालाच्या तक्त्यात आपली ठरावीक खूण सोडून जातो. ती बघायची सवय लावली तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडायच्या आधीच कळतं की हात कुठे घालायचा.

एका तालुक्याच्या सराव परीक्षेचं उदाहरण घेतो, कारण तिथे हे तिन्ही प्रकार एकाच पेपरला झाले होते. पेपर पहिला, म्हणजे प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, १५० गुण. अ, ब, क, ड असे चार संच. प्रश्न तेच, क्रम वेगळा. उत्तरपत्रिका ए-फोर कागदावर, प्रत्येकी २५ ओळींचे तीन रकाने. गोलाचा व्यास ४ मिमी, दोन ओळींमधलं अंतर ६ मिमी, दोन पर्यायांमधलं ८ मिमी. पहिली ओळ कागदाच्या वरच्या कडेपासून ११५ मिमीवर, पंचविसावी २५९ मिमीवर. आराखड्यात तसं काहीच वावगं नव्हतं.

आधी कोरे आणि दुहेरी मोजा

गुण बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरने वाचलेली कच्ची उत्तरं एक्सेलमध्ये उघडा आणि प्रत्येक प्रश्नाखाली किती मुलांचं उत्तर कोरं आलंय (`=COUNTBLANK(D2:D1200)` सारखं सूत्र पुरतं) आणि कितींचं दुहेरी, म्हणजे दोन गोल भरलेलं, आलंय ते काढा. आता हे आकडे एका सरळ रांगेत ठेवू नका. उत्तरपत्रिकेवर जसे तीन रकाने आहेत तसेच मांडा: १ ते २५, शेजारी २६ ते ५०, त्याच्या शेजारी ५१ ते ७५. सगळी गंमत या मांडणीत आहे.

त्या परीक्षेत मधल्या रकान्यातल्या ३२व्या प्रश्नाच्या आसपास जवळजवळ सगळं स्वच्छ वाचलं गेलं होतं. तिथून कोणत्याही बाजूला सरकावं तसे कोरे वाढत होते. २४, २५, ४९, ५०, ७४, ७५ या तळाच्या प्रश्नांना कोरे आणि दुहेरी दोन्ही भरपूर होते. सगळ्यात वाईट अवस्था ७५व्या प्रश्नाच्या चौथ्या पर्यायाची होती. तो जवळपास कोणाचाच वाचला गेला नव्हता.

मुलांना वेळ पुरला नाही म्हणून शेवटचे प्रश्न कोरे राहिले असतील, हा आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्तही आहे. पण वेळ कमी पडला तर ६५ पासून ७५ पर्यंत कोरे चढत जातील. भाषेचा २५वा प्रश्न कोरा कशाला राहील? शिवाय वेळेअभावी कोणी दोन गोल रंगवत नाही. प्रश्न अवघड होता म्हणावं, तर चार संचांत २५व्या क्रमांकाला चार वेगवेगळे प्रश्न आहेत. चारही संचांत त्याच जागा बिघडतात म्हणजे दोष प्रश्नाचा नाही, कागदावरच्या जागेचा आहे.

मध्यभाग ठीक आणि कडेला जाईल तसं बिघडतं, ही छपाई लहान झाल्याची खूण. छापखान्यात पीडीएफ उघडली, छपाईच्या खिडकीत 'फिट' निवडलेलंच होतं, आणि सगळं पान ९७ टक्क्यांवर छापलं गेलं. डोळ्याला हा फरक दिसत नाही. पण वाचणारं सॉफ्टवेअर कागदाची कड पकडून आत मोजत होतं. कागद २९७ मिमीचाच राहिला, छपाई मात्र मध्याकडे आखडली. मध्य १४८.५ मिमीवर धरा. २५वी ओळ तिथून ११०.५ मिमी खाली आहे, त्याचे ३ टक्के म्हणजे ३.३ मिमी. तेवढी ती वर सरकली. ओळींमधलं अंतरच ६ मिमी असल्यामुळे सॉफ्टवेअर जिथे २४वा प्रश्न शोधतं तिथे २४ आणि २५ यांच्या मधली जागा येते. दोन्ही गोलांचा थोडा थोडा भाग त्या चौकटीत सापडतो. म्हणून कधी कोरं, कधी दुहेरी. ७५व्याचा चौथा गोल तर आडवाही २.१ मिमी आत आला होता. ४ मिमीचा गोल दोन्ही मिळून ३.९ मिमी हलला, तर सॉफ्टवेअरला पांढराच कागद दिसणार.

खात्री करायला फुटपट्टी पुरते. पहिल्या ओळीच्या गोलाच्या मध्यापासून २५व्या ओळीच्या गोलाच्या मध्यापर्यंत २४ अंतरं, म्हणजे १४४ मिमी भरायला हवं. त्या कागदांवर १४० ला किंचित कमी भरलं. ९७ टक्क्यांचं गणित तेच सांगतं.

परीक्षा झालेली आहे, आता काय

परीक्षा पुन्हा घ्यायची गरज नाही. कागद बदलता येत नाही, पण सॉफ्टवेअरला गोलांच्या जागा सांगणारा साचा बदलता येतो. प्रत्येक गोलाची जागा मध्यापासून ०.९७ पटीने आत घ्या. २५वी ओळ २५९ ऐवजी २५५.७ मिमीवर आणि ओळींमधलं अंतर ६ ऐवजी ५.८२ मिमी. आडव्या दिशेनेही तसंच, फक्त तिथला मध्य १०५ मिमी. स्कॅन त्याच ठेवून वाचन पुन्हा चालवा आणि कोरे-दुहेरींचा तक्ता परत काढा. कडा आणि मध्य यांत फरक उरला नाही तर काम झालं.

एक अडचण इथे हमखास येते. काही केंद्रांच्या उत्तरपत्रिका ९७ टक्के असतात आणि काहींच्या पूर्ण १००, कारण छपाई दोन दिवसांत दोन संगणकांवरून झालेली असते. वर एखाद्या केंद्रावर कागद कमी पडले म्हणून तिथल्या शिपायाने समोरच्या दुकानातून झेरॉक्स मारून आणलेल्या असतात, त्यांचं प्रमाण आणि तिरकेपणा तिसराच. म्हणून तक्ता केंद्रवार काढायचा. एका साच्याने सगळी केंद्रं हाकली की एका केंद्राचं दुरुस्त होतं आणि दुसऱ्याचं बिघडतं.

पुढच्या वेळी ही भानगडच नको असेल तर उत्तरपत्रिकेच्या चारही कोपऱ्यांत भरीव काळ्या खुणा ठेवा आणि मोजणी कागदाच्या कडेऐवजी खुणांपासून करा. छपाई आखडली तरी खुणा गोलांबरोबरच आखडतात, त्यामुळे प्रमाण जुळलेलंच राहतं. खुणा कागदाच्या अगदी कडेला नकोत. प्रिंटर कडेचे काही मिमी छापत नाही, आणि अर्धी कापली गेलेली खूण नसल्यापेक्षा वाईट. कडेपासून १० मिमी आत बऱ्या. फुकट मिळणारं `OMRChecker` वापरत असाल तर `template.json` मध्ये कागदाची कड शोधणाऱ्या `CropPage` वर न थांबता हे घाला:

```json
"preProcessors": [
  {
    "name": "CropOnMarkers",
    "options": {
      "relativePath": "omr_marker.jpg",
      "sheetToMarkerWidthRatio": 17
    }
  }
]
```

१७ म्हणजे पानाची रुंदी खुणेच्या रुंदीच्या किती पट. २१० मिमीच्या पानावर साधारण १२ मिमीची खूण असेल तर १७ जवळपास बरोबर बसतं. खुणा आल्या की मोजणीची सुरुवात कागदाच्या कोपऱ्यातून होत नाही, खुणांच्या मध्यापासून होते. जुन्या साच्यातले आकडे तसेच ठेवले तर सगळंच सरकेल, ते नव्याने मोजावे लागतात. आणि चारही खुणा सारख्याच असतात, तेव्हा कागद उलटा गेला तरी सॉफ्टवेअरला ते कळेलच असं नाही. त्यासाठी उत्तरपत्रिकेचा एक कोपरा तिरका कापून घ्या, गठ्ठा हातात घेतल्याबरोबर उलटा कागद दिसतो.

कागदाच्या तळाला १०० मिमीची एक बारीक रेघ छापा आणि खाली '१०० मिमी' लिहा. छापखान्यातल्या माणसाला प्रमाण वगैरे समजावत बसण्यापेक्षा पहिला कागद निघाल्यावर पट्टी लावायला सांगणं सोपं पडतं.

गोलांचा रंगही इथेच ठरवून टाका. गोलाची कडा आणि आतला आकडा गडद काळा छापला तर न भरलेला गोलही थोडा 'भरलेला' वाटतो आणि पुसट भरलेला व रिकामा यांतलं अंतर कमी होतं. कडा फिकट राखाडी, आकडा बारीक, स्कॅन २०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं तर उजळ निळ्या पेनाने भरलेले गोल त्याच टप्प्यावर गळू शकतात, नंतर कुठलीही सेटिंग ते परत आणत नाही.

चाचणीचा कागद कसा भरायचा

बहुतेक जण चाचणीसाठी एक कागद घेतात, ७५ प्रश्नांना पहिलाच पर्याय भरतात आणि सगळं '1' आलं की खूश होतात. ही चाचणी निरुपयोगी आहे. ओळ एकाने सरकली तरी शेजारच्या ओळीतही पहिलाच पर्याय भरलेला आहे, मग सरकल्याचं कळणार कसं? भरायचा तर १, २, ३, ४, १, २, ३, ४ असा तिरका भरा. एक ओळ सरकली की प्रत्येक उत्तर चुकतं आणि ताबडतोब दिसतं. चारही कोपऱ्यांतल्या प्रश्नांचे चारही पर्याय तपासले जावेत म्हणून असे चार कागद करा, प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या पर्यायाने. आणि हे कागद संगणकावर बनवलेले नकोत. छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्यातूनच ओढून काढा.

१२० वर अडकलेला निकाल

याचं कारण छपाईत नाही. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि ते दोन्ही भरणं बंधनकारक असतं. ७५ चे २० टक्के म्हणजे १५ प्रश्न, ३० गुण. ओएमआर सॉफ्टवेअर मात्र बहुतेकदा अशा समजुतीवर बनलेलं असतं की दोन गोल भरले म्हणजे उत्तर बाद. त्यामुळे ज्याने नेमकं बरोबर उत्तर दिलं त्याचे गुण जातात. १५० वजा ३०, पहिल्याचे १२०. या पेपरात १५ दुहेरी प्रश्न असतील आणि तक्त्यात कोणीच १२० ओलांडत नसेल तर आणखी काही शोधायची गरज नाही.

दुरुस्ती करताना उत्तरसूचीत दोन उत्तरं कशी लिहिता हे सांभाळा. एक्सेलमध्ये `1-3` टाकलं की त्याची तारीख होते. `13` असं सलग लिहा आणि रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवा. आकडे नेहमी चढत्या क्रमाने, कारण सूचीत `31` आणि वाचनात `13` असेल तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी उत्तरं आहेत. आणखी एक फरक सूचीत दिसायलाच हवा: 'दोन्ही भरलेच पाहिजेत' हा एक प्रकार आणि 'दोन्हींपैकी कोणतंही चालेल' हा दुसरा. पहिला मुळापासून ठरलेला असतो, दुसरा आक्षेप आल्यानंतर जन्माला येतो. एकाच चिन्हाने दोन्ही लिहिले की एकाच पेपरात निम्म्यांवर अन्याय आणि निम्म्यांना फुकटचे गुण.

एका संचाचाच निकाल पडलाय

संचवार सरासरी काढा. मुलांना संच आळीपाळीने वाटलेले असतात, तेव्हा चार सरासरींत फार तफावत पडायचं कारण नाही. एखाद्या संचाची सरासरी ३०-३५ गुणांवर आली असेल तर त्या संचाला चुकीची उत्तरसूची लागली आहे. भलत्याच सूचीने तपासलं तर एकच उत्तर असलेल्या प्रश्नांतले चारातले एक नशिबाने जुळतात आणि दुहेरी प्रश्नांतलं जवळपास काहीच जुळत नाही. ६० प्रश्नांतले १५ धरा, ३० गुण. सरासरी या खड्ड्यात सापडली की मुलांचा अभ्यास कमी पडला वगैरे चर्चा बंद करायची.

सरासरी पडली आहे पण इतकी नाही, असं असेल तर त्या संचात प्रत्येक प्रश्नाचं बरोबर येण्याचं प्रमाण क्रमाने बघा. आमच्या उदाहरणात क संचाचं ४० पर्यंत सगळं ठीक होतं आणि ४१ पासून प्रमाण एकदम २५ टक्क्यांच्या आसपास पडून तिथेच राहिलं होतं. सूची टाइप करताना ४१वी ओळ गाळली गेली होती आणि त्याखालचं सगळं एकाने वर चढलं होतं. अशा वेळी सूचीच्या तळाला एक रिकामी ओळ उरलेली सापडते.

एकट्यादुकट्या मुलाचे गुण पडले असतील तर बहुधा त्याने संचाचा गोल चुकीचा भरलेला असतो. त्याची उत्तरं चारही सूच्यांनी तपासून बघा. भरलेल्या ब संचाने १६ बरोबर आणि ड संचाने ५८ बरोबर येत असतील तर शंकेला जागाच नाही, ५८ असे नशिबाने जुळत नाहीत. तरी गुण बदलण्याआधी पर्यवेक्षकाच्या हजेरीपत्रकावर त्या आसनाला कोणता संच दिला होता ते बघून घ्या. हजेरीपत्रकावर संचाचा रकाना नसेल तर पुढच्या वेळी तो घालाच.

एकच मूळ सूची

संचांचा हा सगळा त्रास एका सवयीतून येतो: चार संचांच्या चार सूच्या चार वेळा टाइप करायच्या. तसं करू नका. `Master` नावाच्या पानावर ए रकान्यात मूळ प्रश्नक्रमांक आणि बी मध्ये उत्तर, एवढंच टाइप करा. प्रत्येक संचाच्या पानावर ए मध्ये त्या संचातला छापील क्रमांक, बी मध्ये तो मूळचा कितवा प्रश्न, आणि सी मध्ये हे सूत्र:

```
=INDEX(Master!$B$2:$B$76,MATCH(B2,Master!$A$2:$A$76,0))
```

बी रकान्यात १ ते ७५ पैकी प्रत्येक आकडा एकदाच आलाय ना, ते तपासलं की सूची चुकायची वाट जवळजवळ बंद होते. क्रम बदलताना भाषेचे प्रश्न भाषेतच फिरवा आणि एका उताऱ्यावरचे प्रश्न एकत्र ठेवा, नाहीतर एका संचात उतारा वर आणि त्याचे दोन प्रश्न दुसऱ्या पानावर जातात. पर्यायांचा क्रम मात्र बदलू नका. तोही बदलला तर वरचं सूत्र पुरत नाही, प्रत्येक प्रश्नाला पर्यायांचा वेगळा नकाशा ठेवावा लागतो, आणि सराव परीक्षेसाठी एवढा खटाटोप मला तरी झेपणारा वाटत नाही.

आक्षेप आले की या मांडणीचा खरा उपयोग कळतो. २०२४ च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं ग्राह्य धरली होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि निकाल नव्याने लावावा लागला. आपल्याकडे प्रकरण तिथवर जात नाही, पण '१२वा प्रश्न रद्द' अशी सूचना निघते, आणि ती फक्त अ संचाच्या १२व्याला लागू असते. ब मध्ये तोच प्रश्न कुठेतरी २१वा असतो. तीन संचांच्या मुलांचा भलताच प्रश्न रद्द होतो. सूचना काढताना चारही संचांतले क्रमांक लिहा, बदल फक्त `Master` च्या त्या एका खान्यात करा आणि गुण पुन्हा काढा. कच्च्या वाचनाच्या फाइलला हात लावायचा नाही. तिची एक प्रत पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवा, कारण दुसरा आक्षेप दुसऱ्या आठवड्यात येतोच.